एक जून, ज्ञानेश्वर आणि जनरल रजिस्टर

नेटचा अर्ज भरताना पहिल्याच पानावर तुमचं नाव आणि जन्मतारीख विचारतात, आणि दोन्ही दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरा असं सांगतात. बहुतेक जण दोन मिनिटांत पुढे जातात. काही जण मात्र तिथेच अडकतात. आधारवर एक स्पेलिंग, गुणपत्रिकेवर दुसरं. मी असाच अडकलो होतो.

माझं नाव ज्ञानेश्वर. आपल्या जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, हे नाव घरोघरी सापडतं. ज्ञानेश्वरी लिहिली गेली ते नेवासे इथलंच. पण ‘ज्ञ’ इंग्रजीत कसा लिहायचा याचं उत्तर प्रत्येक कारकुनाकडे वेगळं असतं. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर DYANESHWAR आहे, आणि बारावीपासून पुढे सगळीकडे DNYANESHWAR. एका N चा फरक! मला वाटलं, प्रतिज्ञापत्र केलं की झालं. ते तसं नसतं, हे समजायला मला चार महिने लागले. आणि समजलं ते कुठल्या खिडकीवर नाही, तर जुन्या शाळांची रजिस्टरं वाचताना. म्हणून आज हा विषय इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने सांगतो.

पहिली गोष्ट लक्षात घ्या. गुणपत्रिका हे मूळ साधन नाही, ती नक्कल आहे. तिच्या मागे मंडळाची संगणकातली नोंद, त्यामागे शाळेने भरलेलं परीक्षेचं आवेदनपत्र, त्यामागे हायस्कूलचं जनरल रजिस्टर. हायस्कूलने ती नोंद प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून घेतली, आणि तो दाखला प्राथमिक शाळेच्या रजिस्टरवरून निघाला. या साखळीच्या अगदी तळाशी पहिलीत नाव घालताना झालेली नोंद असते. आपण संशोधनात हस्तलिखिताच्या प्रती लावून पाठभेद नेमका कोणत्या प्रतीत शिरला ते शोधतो ना, तेच इथे करायचं. चूक कोणत्या पायरीवर शिरली, यावरून अर्ज कुणाकडे करायचा आणि तो मंजूर होईल का, हे ठरतं.

माझं सोपं निघालं. प्राथमिकच्या आणि हायस्कूलच्या दोन्ही रजिस्टरांत देवनागरीत स्पष्ट ‘ज्ञानेश्वर’ होतं. म्हणजे मूळ नोंद शुद्ध होती. चूक शिरली ती दहावीचा फॉर्म भरताना, नाव इंग्रजीत उतरवताना. परीक्षेआधी मंडळाकडून शाळेत प्री-लिस्ट येते आणि ती मुलांना दाखवून सही घेतात. त्या यादीवर माझी सही आहे. सोळाव्या वर्षी मी ती न वाचता केली होती.

अशा वेळी अर्ज शाळेमार्फत जातो. तुमचा अर्ज, मुख्याध्यापकांचं पत्र, जनरल रजिस्टरच्या त्या पानाची साक्षांकित प्रत, प्राथमिक शाळेचा उतारा, मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, हे सगळं विभागीय मंडळाकडे जातं. आपला जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो, सोलापूर आणि पुण्यासोबत. रजिस्टर आणि गुणपत्रिका यांत फरक आहे एवढंच मंडळाला दाखवायचं असतं. तिथे वाद नसतो, फक्त ताडून पाहणं असतं.

माझी खरी चूक वेगळीच होती. कुणीतरी सांगितलं म्हणून मी राजपत्रात नाव छापून आणायला निघालो होतो. ते करू नका, निदान चूक शिरल्याची जागा शोधण्याआधी तरी नाही. राजपत्रातली जाहिरात सांगते की माझं नाव अमुक होतं, ते मी बदलून तमुक केलं. दुरुस्तीचा अर्ज सांगतो की माझं नाव पहिल्यापासून हेच आहे, लिहिणाऱ्याने चुकवलं. ही दोन विधानं एकमेकांच्या विरोधात जातात. चुकीच्या स्पेलिंगसाठी राजपत्र काढलंत, तर ती चूक हेच तुमचं मूळ नाव होतं असं तुम्ही स्वतःच लिहून देता.

दुरुस्ती आणि बदल यांतला हा फरक सर्वोच्च न्यायालयानेही केला आहे. सीबीएसईच्या प्रमाणपत्रांबाबतच्या जिग्या यादव खटल्यात, 3 जून 2021 रोजी, न्यायालयाने दोन गट पाडले: शाळेच्या नोंदीशी जुळवून घेण्यासाठीची दुरुस्ती, आणि शाळेच्या नोंदीपेक्षा वेगळं काही मागणारा बदल. पहिल्यासाठी पुरावा शाळेतच असतो. दुसऱ्यासाठी बाहेरची सार्वजनिक कागदपत्रं लागतात.

आता अवघड प्रकरण. माझ्या वडिलांची जन्मतारीख 1 जून 1968. आईची एक जून. थोरल्या काकांची एक जून. तुमच्याही घरी असतील, मोजून बघा. गावाकडच्या एखाद्या जुन्या रजिस्टरचं पान उघडलं की वरपासून खालपर्यंत 1 जून, 1 जून, 1 जून असं दिसतं आणि मधेच एखादी वेगळी तारीख डोकावते.

याचं कारण साधं आहे. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं आणि पहिलीत घालायला वय पूर्ण लागायचं. जन्माचा दाखला कुणाकडे नसायचा. गुरुजी घरोघर फिरून मुलं गोळा करायचे, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडता येतो का बघायचे, आणि वय धरून वर्ष मागे मोजायचे. तारीख अशी लिहायची की शाळा उघडताना वय बरोबर पूर्ण भरेल. ती तारीख म्हणजे एक जून. म्हणून मी या नोंदीला खोटी म्हणत नाही. ती जन्माची नोंद नाहीच, ती प्रवेशाच्या पात्रतेची नोंद आहे. फक्त जन्मतारखेच्या रकान्यात लिहिलेली.

आजी सांगायची, कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या आखितीला तुझा बाप झाला. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. म्हणजे पुढची अक्षय्य तृतीया 1968 च्या उन्हाळ्यातली. गुरुजींचं वर्ष बरोबर निघालं, चूक झाली ती महिन्याभराची. मग मी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गावाचं जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर काढायला लावलं. त्यात त्या उन्हाळ्यात आजोबांच्या नावापुढे जन्माची एक नोंद आहे. पण मुलाचं नाव नाही, नुसतं ‘मुलगा’. जुन्या नोंदींत हे नेहमीचं. बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली असते. वर आजोबांच्याच नावाचा एक भाऊबंद गावात होता, त्यालाही त्याच सुमारास मुलगा झाला होता. ही नोंद माझ्या वडिलांचीच, असं मी प्रबंधात लिहिलं असतं तर गाईडनी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं असतं.

असा अर्ज मंडळाकडे जाऊन भागत नाही, कारण मंडळाने जे छापलं ते रजिस्टरप्रमाणेच आहे. आधी रजिस्टर बदलावं लागतं, आणि तो अधिकार मुख्याध्यापकांचा एकट्याचा नाही. माध्यमिक शाळा संहितेच्या नियम 26.3 आणि 26.4 प्रमाणे त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. विद्यार्थ्याने शाळा सोडल्यावर तर फक्त उघड चूक दुरुस्त होऊ शकते. हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात 2019 मध्ये पूर्णपीठापुढे गेला होता. आपला जिल्हा याच खंडपीठाच्या कक्षेत येतो. शाळा सोडली म्हणून उघड चुकीचं दार बंद होत नाही, हे त्या निकालाने स्पष्ट केलं.

मग उघड चूक म्हणजे काय? जी कागदावरच दिसते, समजून घ्यायला गोष्ट सांगावी लागत नाही. अंकांत 12 आणि अक्षरांत ‘एकवीस’. किंवा 31 जून, जी तारीख कॅलेंडरातच नाही. किंवा प्राथमिकच्या दाखल्यावर 7 आणि हायस्कूलच्या रजिस्टरात 1, कारण उतरवणाऱ्याला सातचा आकडा एकासारखा दिसला. यात एक नोंदच दुसरीची चूक सांगते. वडिलांची एक जून या व्याख्येत बसत नाही. ती तारीख अस्तित्वात आहे, सगळ्या कागदांवर सारखी आहे, आणि तिच्याविरुद्ध माझ्याकडे आहे आजीची आठवण आणि एक निनावी ‘मुलगा’.

शिवाय वेळेचाही प्रश्न असतो. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला सेवापुस्तकातली जन्मतारीख बदलून हवी असेल, तर 1981 च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांतल्या नियम 38 प्रमाणे अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. निवृत्ती जवळ आल्यावर आठवलेल्या जन्मतारखेकडे न्यायालयं संशयाने बघतात, आणि तो संशय अगदीच अनाठायी नसतो. वडिलांनी अर्ज केला नाही. “महिनाभरानं काय फरक पडतोय रे,” म्हणाले. मी उतारा मात्र जपून ठेवलाय.

संशोधनाकडे येणाऱ्यांनी एक निकाल जरूर वाचावा: बिरदमल सिंघवी विरुद्ध आनंद पुरोहित, सर्वोच्च न्यायालय, 1988. राजस्थानातल्या निवडणुकीचा वाद होता आणि उमेदवारांचं वय शाळेच्या रजिस्टरवरून ठरवायचं होतं. न्यायालयाने विचारलं, ही तारीख गुरुजींना सांगितली कुणी, आणि सांगणाऱ्याला ती कशावरून माहीत होती? हे सिद्ध होत नसेल तर सरकारी रजिस्टरातल्या त्या नोंदीला पुरावा म्हणून फारसं वजन नाही. साधनाची चिकित्सा म्हणून आपण पहिल्या सेमिस्टरला जे शिकतो, ते याहून वेगळं नाही.

पण यातला पेच बघा. वय वादात सापडलं की न्यायालय रजिस्टरला इतक्या कसोशीने तपासतं, आणि तुम्ही तेच रजिस्टर बदलायला गेलात की व्यवस्था त्याला घट्ट धरून बसते. दोन्हीला कारण आहे. नोंद खरी आहे म्हणून नव्हे, तर तिच्यावर पुढची सगळी कागदं उभी आहेत म्हणून ती सहज हलवत नाहीत.

तेव्हा अर्ज लिहायच्या आधी एक दिवस काढून दोन्ही शाळांत जा आणि दोन्ही रजिस्टरांचे उतारे घ्या. मूळ बरोबर आणि नक्कल चुकीची असेल तर अर्ज शाळेमार्फत मंडळाकडे. हायस्कूलचं रजिस्टर प्राथमिकशी जुळत नसेल तर आधी शिक्षणाधिकारी, मग मंडळ. सगळं जुळतंय आणि तरीही चूक आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर त्या काळातला, तुमचं नाव असलेला कागद शोधा. तो नसेल तर नुसत्या प्रतिज्ञापत्रावर फार आशा ठेवू नका. दहावीची गुणपत्रिका दुरुस्त झाली की मगच बारावी आणि पदवीला हात घाला, कारण त्यांचा आधार दहावीच आहे. आणि दाखल्यावर ‘जि. अहमदनगर’ लिहिलंय म्हणून तो दुरुस्तीला देऊ नका. जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये बदललं. त्याआधीच्या कागदावर जुनं नाव असणं ही चूक नाही.

माझी नवीन गुणपत्रिका आली आहे. बैठक क्रमांक तोच, गुण तेच (गणितातले बदलले असते तर बरं झालं असतं!), फक्त एक N वाढला. पेटचा अर्ज त्याच नावाने भरला.