मुखपट्टी : कापड आणि फट
मुखपट्टी चाळणीसारखी काम करते, हा समज चुकीचा आहे. तिच्या तंतूंमधील पोकळ्या बहुतेक कणांहून मोठ्याच असतात. एक मायक्रॉनहून मोठा कण जडत्वामुळे हवेबरोबर वळू शकत नाही आणि तंतूवर आदळतो. त्याहून लहान कण तंतूला घासून जाताना अडकतो, तर ०.१ मायक्रॉनहून सूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत तंतूला चिकटतो. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण पकडणे सर्वांत अवघड. 'एन-९५' मुखपट्टीने चाचणीत असे किमान ९५ टक्के कण रोखावे लागतात. मात्र नाकाजवळच्या फटीतून दहा टक्के हवा शिरली, तर कापडातून निसटणारे धरून साडेचौदा टक्के कण आत येतात, म्हणजे जवळजवळ तिप्पट. दाढी असल्यास फट राहतेच. उच्छ्वासाने चष्म्यावर वाफ जमली, तर मुखपट्टी नीट बसलेली नाही असे समजावे.