दुर्गीला गाळले तेव्हा

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीचे दोन तासांचे संक्षिप्त वाचन आम्ही बंगळूरला मल्लेश्वरममधल्या एका घरी ठेवले होते. ऐकणारे बहुतेक कन्नड आणि तमिळ, मराठी आम्ही तिघेच. निवडक भागांचा इंग्रजी अनुवाद माझ्याकडे होता. एवढी मोठी कादंबरी दोन तासांत बसवायची तर कात्री लावणे भाग होते, आणि मी पहिली कात्री दुर्गीला लावली.

दुर्गी ही नायिका यमूची मैत्रीण. तिचा नवरा वाईट चालीचा, तिला छळणारा. यमूचे पती रघुनाथराव मात्र समंजस. ते बायकोला शिकवतात, मुंबईला आपल्याबरोबर नेतात. पुढे ते वारतात, आणि शंकरमामंजी यमूचे बळजबरीने केशवपन घडवून आणतात. ही मुख्य घडामोड दुर्गीवाचूनही तशीच घडते. कथानकाच्या हिशेबाने दुर्गी गाळणे सुरक्षित होते.

वाचन छान झाले. शेवटी एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, की म्हणजे मूळ दुःख वैधव्याचे. नवरा जगला असता तर यमूचा संसार सुखाचाच होता. त्यांच्यासमोर गुलवाडी वेंकटरायांची ‘इंदिराबाई’ ही १८९९ची कन्नड कादंबरी होती. तिची नायिकाही विधवाच. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला उत्तर सुचेना, कारण मी वाचून दाखवलेल्या मजकुरातून दुसरा अर्थ निघतच नव्हता. हरिभाऊंची कादंबरी याहून मोठे काही म्हणते हे मला ठाऊक होते, पण ते म्हणणारे पात्र मीच गाळले होते.

इंग्रजी समीक्षेत अशा पात्राला ‘फॉइल’ म्हणतात. शब्द सोनारकामातून आला आहे. खड्याच्या खाली चकचकीत पातळ पत्रा बसवतात, त्याने खड्याचे तेज उठून दिसते. आपल्याकडे त्या पत्र्याला डाक म्हणतात. उपमा चांगली असली तरी तिच्यामुळे एक चुकीची सवयही लागते. आपण दोन पात्रे समोरासमोर ठेवतो, एक सुखी एक दुःखी, एक भित्री एक धीट, अशी यादी करतो आणि ‘विरोध साधला आहे’ म्हणून थांबतो. पण लांब कादंबरीत कोणतीही दोन माणसे घेतली तर ती कशात ना कशात वेगळी असणारच. नुसत्या वेगळेपणाने काही सिद्ध होत नाही.

त्या संध्याकाळनंतर मी उलट्या बाजूने सुरुवात केली. यमू आणि दुर्गी यांच्यात सारखे काय आहे? जात तीच, घरांची रीत तीच, लहानपण एकत्र गेलेले. दोघींची लग्ने नकळत्या वयात, दोघींना न विचारता झालेली. साम्याची ही यादी जितकी लांब, तितका उरलेला फरक अर्थपूर्ण. येथे तो फरक एकच उरतो: वडीलधाऱ्यांनी निवडलेला नवरा कसा निघाला. आणि त्यात दोघींपैकी कोणाचेच कर्तृत्व नाही.

दुर्गी नेमके काय करते ते आता सांगता येते. ती नसेल तर रघुनाथरावांचा चांगुलपणा हा त्या विवाहपद्धतीचा नेहमीचा अनुभव वाटतो. ती असली की तो योगायोग ठरतो. यमूच्या सुखाच्या प्रत्येक प्रसंगाशेजारी एक प्रश्न उभा राहतो, की नवऱ्यांची अदलाबदल झाली असती तर? शंकरमामंजींचे तसे नाही. त्यांना काढले तर घटनाच बदलतात. ते खलपात्र आहेत. दुर्गीला काढले तर घटना तशाच राहतात, पण घटनांचा अर्थ बदलतो. गौण पात्राचे काम सांगताना मी आता हा भेद आधी तपासते.

याहून महत्त्वाचे कादंबरीच्या उत्तरार्धात घडते. रघुनाथराव गेल्यावर दोघींमधला फरक हळूहळू पुसला जातो. एकीला वाईट नवरा मिळाला, दुसरीला चांगला मिळून गेला. शेवटी दोघीही दुसऱ्यांच्या मर्जीवर. जो फरक आपण इतका मोठा मानला, तो एका माणसाच्या आयुष्याएवढाच टिकाऊ होता. म्हणून अशा पात्राची बाजू मांडताना विरोध जिथे ठळक आहे तिथे न थांबता तो जिथे मोडतो तिथवर जावे लागते. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये शार्लट लूकस सत्ताविसाव्या वर्षी कॉलिन्सशी लग्न करते. एलिझाबेथने त्याला नकार दिलेला असतो. दोघी एकाच गावच्या, दोघींकडे पैसा बेताचा. तिथे मात्र विरोध मोडत नाही, कारण एलिझाबेथला डार्सी मिळतो. हरिभाऊंनी यमूला तसा शेवट दिला नाही.

काळाचा संदर्भ यात किती जोडावा, हाही प्रश्न होता. ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात हरिभाऊंच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. १८९०मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही अगदी कोवळ्या वयाची मुलगी नवऱ्याने केलेल्या संभोगामुळे मेली, आणि मार्च १८९१मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन ही मर्यादा दहावरून बारावर गेली. पुण्यात त्यावर मोठे रण माजले होते. त्या दिवसांत ‘करमणूक’ हातात घेणाऱ्या वाचकाला दुर्गी केवळ एक दुर्दैवी मैत्रीण वाटली असेल, असे मला वाटत नाही. पण येथे पाऊल जपून टाकावे लागते. ‘कायद्यासाठीच दुर्गी लिहिली’ असे म्हटले की ते लेखकाच्या मनाविषयीचे विधान होते आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. पात्राचे काम मात्र मजकुरातूनच दाखवता येते. इतिहास फार तर सांगतो की तो अर्थ त्या वाचकांच्या आवाक्यात होता.

काही महिन्यांनी त्याच घरी आम्ही पुन्हा वाचन केले. दुर्गीसाठी वीस मिनिटे काढायला मुंबईतला बराचसा संसार कमी करावा लागला. त्याचे वाईट वाटले, कारण यमूच्या लिहिण्या-वाचण्याचे ते दिवस फार गोड आहेत. एका मित्राने म्हटलेही, की दुर्गीमुळे सुखाचे प्रसंगसुद्धा धास्तावून ऐकावे लागतात. मला वाटते त्याने तिचे काम माझ्याहून थोडक्यात सांगितले.

त्या शिक्षिका या वेळीही होत्या. त्यांनी वैधव्याचा विषय काढला नाही. चहा घेताना त्यांनी एवढेच विचारले, की दुर्गीचे लग्न कोणी ठरवले होते आणि यमूचे कोणी. मी म्हटले, दोघींच्या घरच्यांनी, एकाच रीतीने. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे यमूच्या वडिलांनासुद्धा ठाऊक नव्हतं, की जावई चांगला निघेल.’