रुपयाचे चिन्ह व संक्षेप (देयकांवरील)

विक्रेत्याने ग्राहकास दिलेल्या देयकावर रकमेच्या मागे, पुढे वा रकान्याच्या शिरोभागी रुपया आणि त्याचे अंश दर्शविण्यासाठी जी अक्षरे, जोडरेघा व चिन्हे योजली जातात, त्यांचा हा समुदाय होय. रु., रू., Rs., Re., ₨, ₹, INR, आ., पै., न.पै. ही त्याची ठळक रूपे असून, अशा देयकांची नक्कल करताना ती सर्व एकाच रूपात बसविण्याचा मोह अनावर होत असला तरी, प्रत्येक रूप मूळ कागदावर दिसते तसेच उतरवणे आवश्यक असते. कारण ते रूप देयकाचा काळ, ते ज्या यंत्रावर छापले गेले ते यंत्र आणि प्रसंगी ते लिहिणारा हात यांविषयी पुरावा देते.

आणे-पैची पद्धती : दशमान नाणेपद्धती येण्यापूर्वी रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत असत. छापील देयकांवर ‘रु. आ. पै.’ असे तीन रकाने असत, आणि रकान्यांवाचून लिहावयाचे झाल्यास ‘रु. ३-४-६’ अशी मांडणी केली जाई. तिचा अर्थ तीन रुपये, चार आणे, सहा पै, म्हणजे आजच्या हिशेबाने ३.२८१२५ रुपये. देशी पद्धतीच्या कीर्द-खतावणीत याहून निराळी लेखनरीत होती. तीत उभी रेघ पावलीची, म्हणजे चार आण्यांची, आणि आडवी रेघ एका आण्याची द्योतक असल्यामुळे ‘७॥=’ हा मजकूर सात रुपये दहा आणे असा वाचावा लागतो. दोन उभ्या रेघांना वाक्यान्तीचा दंड समजून आणि आडव्या रेघांना बरोबरीचे चिन्ह समजून त्या गाळणारा नकलनवीस दहा आणे नाहीसे करतो. या रेघांसाठी युनिकोडमध्ये A830 ते A835 हे स्वतंत्र संकेतांक असून त्याच गटातील A838 हे जुन्या रुपया-खुणेसाठी राखलेले आहे. मात्र सामान्य छपाईत दंड व आडव्या रेघा वापरूनच काम भागविले जाते.

‘पै.’ या संक्षेपाची द्व्यर्थता : १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि १ जून १९६४ पासून त्यांतील ‘नवा’ हे विशेषण गळाले. त्यामुळे ‘न.पै.’ असा संक्षेप आढळल्यास देयक मुख्यतः या सात वर्षांच्या कालखंडातील मानता येते. परंतु नुसते ‘पै.’ असे असेल, तर १९५७ पूर्वीच्या कागदावर तो रुपयाचा १९२ वा, आणि नंतरच्या कागदावर १०० वा अंश असतो. दिनांक पुसट झालेल्या देयकावर हा भेद अंकांवरून ओळखता येतो. आण्यांच्या स्थानी १५ पेक्षा, आणि पैच्या स्थानी ११ पेक्षा मोठा अंक संभवत नाही. म्हणून ‘३-४०’ ही रक्कम निःसंशय दशमान पद्धतीची ठरते. ‘३-४’ मात्र तीन रुपये चार आणे किंवा तीन रुपये चार पैसे, असे दोन्ही असू शकते, आणि अशा स्थळी रकान्यांची संख्या, शेजारच्या रकमा व बेरीज पडताळल्यावाचून अर्थ लावू नये. तीन रकाने जुन्या पद्धतीचे, दोन रकाने नव्या पद्धतीचे लक्षण होय.

रु., Rs. व ₹ : मराठीत ‘रुपया’ हा शब्द ऱ्हस्व उकाराने लिहिला जात असल्याने प्रमाण संक्षेप ‘रु.’ हाच आहे. तथापि दुकानांच्या छापील पुस्तकांत ‘रू.’ हे दीर्घ रूप इतके आढळते की, नकलेत ते सुधारल्यास मूळ साक्ष बिघडते. इंग्रजी देयकांवर अनेकवचनी Rs. व एकवचनी Re. असा भेद केला जातो. मराठी संक्षेपात तो नाही. ₨ (संकेतांक 20A8) हे R व s या अक्षरांचे एकत्र केलेले चिन्ह भारताव्यतिरिक्त अन्य देशांतील रुपयांसाठीही वापरले जाते. ₹ (संकेतांक 20B9) हे भारताचे अधिकृत चिन्ह डी. उदय कुमार यांनी रेखाटले, १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ते स्वीकारले, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत त्याचा अंतर्भाव झाला. म्हणून ज्या देयकावर ₹ छापलेले आहे, ते २०१० पूर्वीचे असू शकत नाही, ही कालनिर्णयाची एक निश्चित खूण आहे. उलट बाजूने हा तर्क चालत नाही, कारण Rs. व रु. हे संक्षेप आजही सर्रास छापले जातात. रकमेनंतरची ‘/-’ ही खूण पैशांचे स्थान रिकामे असल्याचे सांगते, आणि ‘अक्षरी रु. … फक्त’ या शब्दयोजनेसह नंतर कोणी अंक वाढवू नये याची तजवीज करते.

यंत्रजन्य विकृती : नव्या चिन्हाच्या आरंभकाळी मंगळूरच्या एका कंपनीच्या फॉन्टमध्ये ते चिन्ह ` या कळीवर बसविलेले होते; त्या फॉन्टवाचून तेच लेखन उघडल्यास ₹ च्या जागी ` उमटते. ₹ चे तीन बाइट चुकीच्या संकेतप्रणालीने वाचले गेल्यास â‚¹ असे तीन निरर्थक वर्ण दिसतात, आणि ज्या छपाईयंत्राच्या वर्णसंचात हे चिन्हच नसते, ते ? अथवा रिकामी चौकट छापते. आणखी एक फरक ध्यानी घेण्यासारखा आहे. मजकुराचे NFKC या रीतीने सामान्यीकरण केल्यास ₨ हे चिन्ह Rs अशा दोन अक्षरांत फुटते, ₹ मात्र जसेच्या तसे राहते. म्हणून अस्सलबरहुकूम नकलेच्या संग्रहास ही रीत लावणे अनिष्ट होय.

नकलेचा नमुना : समजा, एका देयकावर छापील रकाने ‘रु.’ व ‘पै.’ असे आहेत. त्यांखाली १२० | ०० आणि ८५ | ५० या दोन नोंदी असून बेरजेच्या जागी हाताने ‘२०५-५०’ लिहिले आहे. खाली ‘अक्षरी रू. दोनशे सहा फक्त’ असा मजकूर आणि शिक्क्यात ‘₹ 206/-’ ही रक्कम आहे. येथे तिन्ही स्थळी ‘₹ २०६’ लिहिणारा नकलनवीस तीन गोष्टी घालवतो : बेरजेतील पन्नास पैसे पूर्णांकात वाढविल्याची नोंद, दीर्घ ‘रू.’, आणि शिक्क्यातील इंग्रजी अंक. योग्य रीत अशी की, पहिल्या रकान्यात मूळ मजकूर विरामचिन्हे, रिकाम्या जागा व अंकांची लिपी यांसह मक्षिकास्थाने मक्षिका या न्यायाने उतरवावा, आणि शोध व बेरीज यांसाठी दुसऱ्या, स्वतंत्र रकान्यात त्याचे मूल्य ‘205.50’, ‘206.00’ असे द्यावे. ` अथवा ? यांसारखी विकृत खूणही पहिल्या रकान्यात तशीच राहू द्यावी. तिच्या जागी कोणते चिन्ह अभिप्रेत असावे, याचा तर्क शेऱ्यात लिहावा, मूळ मजकुरात मिसळू नये.