परदेशी बिलावरच्या दोन टिपांची कुळकथा

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतली फाउंड्री जर्मनीला कास्टिंग पाठवते, तेव्हा जर्मनीहून उलट काही बिलेही येतात. सिम्युलेशन सॉफ्टवेअरची वार्षिक फी असते, सल्लागाराचे मानधन असते, कधी प्रदर्शनातल्या स्टॉलचे भाडे असते. कराच्या रकान्यात शून्य आणि तळाशी बारीक अक्षरात ‘रिव्हर्स चार्ज’. इंग्लंडहून आलेल्या हत्यारांच्या बिलावर त्याच जागी ‘झिरो रेटेड एक्सपोर्ट’ असे छापलेले असते. या दोन टिपा वाचून अकाउंटंटने काय करायचे, हे समजायला त्यांचे कूळ पाहावे लागते. कारण दोन्ही टिपा कोल्हापूरच्या माणसासाठी लिहिलेल्या नाहीत.

प्रत्येक टप्प्यावर फक्त वाढलेल्या मूल्यावर कर घ्यायचा, ही व्हॅटची पद्धत फ्रान्सने 1954 साली सुरू केली. ती घडवण्यात मॉरिस लोरे या फ्रेंच कर अधिकाऱ्याचा वाटा मोठा होता. पुढे 1967 च्या निर्देशांनी युरोपीय आर्थिक समुदायाच्या देशांनीही ती स्वीकारली आणि लगेच अडचण उभी राहिली. माल सीमेवर थांबवता येतो, पण सल्ला कुठल्या नाक्यावर अडवणार? पॅरिसच्या इंजिनिअरने म्युनिकच्या कारखान्याला सल्ला दिला, तर कर जर्मनीला मिळायला हवा. मात्र पॅरिसच्या इंजिनिअरकडून तो वसूल करायला जर्मन खात्याचा हात पोचत नाही.

1977 च्या सहाव्या निर्देशाने यावर उपाय काढला. सल्लागार, इंजिनिअर, जाहिरात, परवाने अशा ठरावीक सेवांचा कर सेवा घेणाऱ्यानेच आपल्या देशात भरायचा. तो व्यापारी तिथे नोंदलेला असतो, त्यामुळे वसुली सोपी होते. 2010 पासून व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला दिलेल्या बहुतेक सेवांना घेणाऱ्याच्या देशाचा नियम लागू झाला. 1 जानेवारी 2013 पासून, कर घेणाऱ्याने भरायचा असेल तर बिलावर ‘रिव्हर्स चार्ज’ हे शब्द छापणे बंधनकारक झाले. ही सक्ती युरोपीय संघाच्या आतल्या व्यवहारांसाठी आहे. जर्मन कंपनीचे बिलिंग सॉफ्टवेअर मात्र भारतातल्या ग्राहकाच्या बिलावरही तीच ओळ सवयीने उमटवते.

झिरो रेटिंगचे घराणे वेगळे. ब्रिटनने 1 एप्रिल 1973 रोजी व्हॅट आणला आणि निर्यातीबरोबरच खाद्यपदार्थ, पुस्तके, लहान मुलांचे कपडे यांवर शून्य दर ठेवला. करमाफी आणि शून्य दर यांत ग्राहकाला फरक दिसत नाही, विक्रेत्याला मात्र तो मोठा असतो. करमाफ माल विकणाऱ्याला खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही. शून्य दराने विकणाऱ्याला मिळतो. आपल्याकडे आयजीएसटी कायद्याच्या कलम 16 ने निर्यातीला हाच दर्जा दिला आहे. म्हणून एलयूटी देऊन कर न भरता कास्टिंग पाठवणारी फाउंड्री स्क्रॅप आणि पिग आयर्नवर भरलेल्या कराचा परतावा मागू शकते.

भारतात रिव्हर्स चार्ज जीएसटीच्या आधीच आला होता. परदेशी सेवेवरचा सेवाकर इथल्या घेणाऱ्याकडून वसूल करण्याचा प्रयत्न 2002 पासून नियमांच्या आधारे चालू होता. जहाज कंपन्यांच्या संघटनेने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. डिसेंबर 2008 मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की घेणाऱ्यावर असा कर लावण्याचा अधिकार खुद्द कायद्यात हवा, आणि तो 18 एप्रिल 2006 रोजी कलम 66अ लागू झाल्यावरच मिळाला. त्याआधीची वसुली बेकायदा ठरली. सर्वोच्च न्यायालयातही हा निकाल टिकला. त्यातला धडा आजही कामाचा आहे. कर कायद्याच्या कलमाने लागतो, बिलावरच्या ओळीने लागत नाही. ती ओळ फक्त विक्रेत्याने आपल्या देशाचा कर का आकारला नाही, एवढेच सांगते.

आता सिम्युलेशनच्या बिलाकडे वळू. समजा रक्कम 5,000 युरो आणि हिशेबासाठी दर 90 रुपये, म्हणजे 4,50,000 रुपये झाले. पुरवठादार परदेशात, घेणारा कोल्हापुरात आणि सेवेचे ठिकाण भारतात. तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणून ही सेवेची आयात ठरते. आयजीएसटीच्या कलम 5(3) खालची 10/2017 क्रमांकाची अधिसूचना कर घेणाऱ्यावर टाकते. 18 टक्क्यांनी तो 81,000 रुपये होतो. फाउंड्रीने स्वतःच्या नावाने बिल बनवायचे. 1 नोव्हेंबर 2024 पासून त्याला 30 दिवसांची मुदत आहे. रक्कम जीएसटीआर-3बी च्या 3.1(d) मध्ये दाखवायची आणि रोखीच्या खात्यातूनच भरायची, साठलेले क्रेडिट इथे वापरता येत नाही. भरल्यावर तेच 81,000 रुपये 4(A)(2) मध्ये क्रेडिट म्हणून घेता येतात आणि एलयूटीखालच्या निर्यातीच्या परताव्यातही धरता येतात. अखेरीस खर्च शून्य होतो, पण तोवर पैसा अडकतो, आणि उशीर झाला तर व्याज लागते. बिलावर टीप छापलेली नसती, तरी हिशेब हाच राहिला असता.

इंग्लंडच्या हत्यारांचे बिल वेगळ्या वाटेने जाते. तिथला शून्य दर ब्रिटिश विक्रेत्यासाठी आहे. न्हावाशेवा बंदरात माल उतरला की कस्टम ड्युटीबरोबर आयजीएसटीही बिल ऑफ एंट्रीवर भरला जातो. शून्य पाहून हे बिल करमुक्त खरेदीत टाकले, तर बंदरात भरलेल्या कराचे क्रेडिट बुडते. आणि परदेशी बिल आहे म्हणून त्यावर पुन्हा रिव्हर्स चार्ज भरला, तर एकाच मालावर दोनदा कर जातो.

सगळ्यात फसवे बिल प्रदर्शनाचे असते. डसेलडॉर्फला चार वर्षांतून एकदा ‘गिफा’ हे फाउंड्री उद्योगाचे प्रदर्शन भरते. जर्मन नियमाप्रमाणे स्टॉलची सेवा घेणाऱ्याच्या देशात झाली असे मानतात, म्हणून आयोजक व्हॅट लावत नाही. आपल्या आयजीएसटीचे कलम 13(5) मात्र प्रदर्शनाच्या आयोजनाची आणि त्याच्याशी जोडलेल्या सेवांची जागा, प्रदर्शन जिथे भरले तिथेच धरते. म्हणजे ठिकाण डसेलडॉर्फ. सेवेचे ठिकाण भारताबाहेर गेले की सेवेची आयातच होत नाही, मग रिव्हर्स चार्ज कशावर? टीप छापलेली असूनही इथे कर लागत नाही. मात्र ही सवलत स्टॉलपुरती आहे. त्याच आयोजकाने वर्षभराच्या ऑनलाइन जाहिरातीचे वेगळे बिल पाठवले, तर त्यावर कर भरावाच लागेल.

चूक शोधण्याची एक सोपी रीत आहे. वर्षभरात बँकेतून परदेशी गेलेल्या रकमांची यादी काढावी. त्यातून मालाच्या रकमा बिल ऑफ एंट्रीशी जुळवून बाजूला कराव्यात. उरलेली प्रत्येक रक्कम 3.1(d) मध्ये सापडते का, ते पाहावे. सापडली नाही तर तिच्या बिलावर कारण लिहून ठेवावे. ग्राहकाने कास्टिंगच्या पैशातून परस्पर कापलेले खर्च या यादीत दिसत नाहीत, म्हणून डेबिट नोटा वेगळ्या तपासाव्यात. परदेशी बिल हाती आले की आधी माल की सेवा ते ठरवा, मग सेवेचे ठिकाण पाहा, मग बिलाच्या तारखेला लागू असलेले कलम काढा. तळाची टीप त्यानंतर वाचा.