तीन लिप्या आणि एक सिंह

परवा शेजारच्या पद्मशाली कुटुंबातली लग्नपत्रिका आली. एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला मराठी. सोलापुरात यात नवल काहीच नाही. मला तेलुगू अक्षर एक येत नाही, पण चाळा म्हणून मराठीतली नावं तेलुगूत शोधत बसलो. ‘सोलापूर’ आणि ‘पंढरपूर’ दोन्ही होतं. दोन्हींच्या शेवटी सारखी दिसणारी अक्षरं सापडली. म्हणजे ते ‘पूर’! आणि रोझेटाचा दगड आठवला.

१७९९ साली फ्रेंच सैनिकांना इजिप्तमध्ये रशीदजवळ तो सापडला. राजा पाचवा टॉलेमी याच्या काळातला, इसवी सनापूर्वी १९६ चा आदेश त्यावर कोरलाय. लिप्या तीन, पण भाषा दोनच! वरची चित्रलिपी आणि मधली डेमोटिक या दोन्हींत इजिप्शियन भाषा आहे, खाली ग्रीक. ग्रीक वाचता येत होतं, तरी चित्रलिपी उलगडायला वीसेक वर्षं गेली. कारण प्रत्येक चित्र म्हणजे एक कल्पना, असाच सगळ्यांचा समज. शिवाय दगडाचा वरचा भाग फुटलेला.

राजाचं नाव लंबगोल चौकटीत लिहीत. थॉमस यंगने त्यावरून ‘प्टोलेमिस’ ओळखलं. पण एकाच नावावरून अक्षरं लावली तर ती बरोबर आहेत हे ठरवायचं कसं? माझ्याकडे नुसतं ‘सोलापूर’ असतं तर मीही अडकलो असतो.

दुसरं नाव फिलीच्या एका स्तंभावर मिळालं, क्लिओपात्रा. त्याची प्रत १८२२ च्या सुरुवातीला शांपोलियोंच्या हाती आली. ‘प्टोलेमिस’मधला पहिला चौकोन ‘क्लिओपात्रा’त बरोबर पाचवा आला, म्हणजे ‘प’. चौथा सिंह इथे दुसरा, म्हणजे ‘ल’. तिसरा फास इथे चौथा, म्हणजे ‘ओ’. ‘त’ मात्र जुळेना! एका नावात पाव, दुसऱ्यात हात. एकाच उच्चाराला दोन चिन्हं असू शकतात, हे त्याने ओळखलं आणि पुढे गेला.

पण ही तर परक्यांची ग्रीक नावं. अस्सल इजिप्शियन नावं? एका चौकटीत सूर्य होता आणि शेवटी ‘स’ दोनदा. शांपोलियोंला कॉप्टिक येत होती. ती जुन्या इजिप्शियनचीच लेक, चर्चच्या प्रार्थनेत टिकलेली. तिच्यात सूर्य म्हणजे ‘रे’. रा...स-स. रामसेस! म्हणजे काही चिन्हं अर्थाची आणि काही उच्चाराची, दोन्ही एकत्र.

दगडाने उच्चार दिले, अर्थ कॉप्टिकने. मी उद्या तेलुगू अक्षरं लावून पत्रिका मोठ्याने वाचेनही, पण कळणार काय? त्यासाठी शेजारच्या आजींकडेच जायला हवं.

असो. लग्नाला जायचंय.