जुन्या छायाचित्रावरील केशरी तारीख : पार्श्वभूमी न बिघडवता कशी काढावी?

गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतील रंगीत छायाचित्रांच्या उजव्या कोपऱ्यात केशरी अंकांतील तारीख बऱ्याचदा आढळते. ती कागदावर शाईने छापलेली नसते. कॅमेऱ्यातील छोटा दिवा फिल्मवरच ते अंक उमटवत असे. त्यामुळे निगेटिव्ह नव्याने स्कॅन केली तरी तारीख तिथे असतेच. ती संगणकावरच काढावी लागते.

अंक केशरी का?

रंगीत फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला प्रतिसाद देणारे थर एकावर एक असतात. लाल थर सर्वांत मागे असतो. बहुतेक कॅमेऱ्यांत तारखेचा तांबडा प्रकाश फिल्मच्या मागील बाजूने येई. त्याचा सर्वाधिक परिणाम लाल थरावर, थोडा हिरव्यावर आणि अत्यल्प निळ्यावर होई. म्हणजेच तारखेने मूळ चित्र पुसलेले नसते. त्यावर लाल प्रकाशाची भर पडलेली असते. निळ्या थरात पार्श्वभूमी बऱ्याचदा शाबूत राहते. दुरुस्तीचा सारा आधार हाच आहे.

स्कॅन करताना

प्रिंट 600 डीपीआयवर स्कॅन करून टिफ स्वरूपात जतन करावी. जेपेग फाइल लहान करताना रंगांचे तपशील आजूबाजूच्या पिक्सेलमध्ये मिसळतात. परिणामी केशरी छटा अंकांबाहेर पसरते आणि निळा चॅनलही गढूळ होतो. स्कॅनरमधील धारदारपणा वाढवणारी सोय बंद ठेवावी, अन्यथा अंकांभोवती कृत्रिम कडा उमटते. मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करावे.

एक उदाहरण

4 × 6 इंचांच्या प्रिंटचे स्कॅन साधारण 3600 × 2400 पिक्सेलचे होते. तारखेचे पहिले अंक साध्या भिंतीवर आणि शेवटचे हिरव्या साडीच्या जरीकाठावर आले आहेत, असे समजू. ‘गिम्प’ या मोफत प्रणालीत Colors → Components → Decompose हा आदेश देऊन RGB निवडल्यास तिन्ही चॅनल स्वतंत्र करड्या चित्रांच्या रूपात दिसतात. लाल चित्रात अंक पांढरेफटक असतील. निळ्या चित्रात काठाची वेलबुट्टी स्पष्ट दिसत असेल, तर काम साधणार.

भिंतीचा भाग सोपा आहे. नवा रिकामा थर घेऊन Healing टूलमध्ये Sample merged सुरू करावे आणि शेजारच्या भिंतीचा नमुना अंकांवर फिरवावा. अंकांभोवती फिकट केशरी वलय असते. तेही झाकले पाहिजे. म्हणून अंकाच्या कडेपलीकडे काही पिक्सेल जावे. मात्र भिंत आणि साडी जिथे भेटतात, तिथे हेच साधन दोन्ही रंग एकमेकांत कालवते. त्या रेषेवर Clone टूल वापरावे.

काठावर शेजारचा नमुना चिकटवला तर वेलबुट्टीची ओळ तुटते. तिथे निळ्या चॅनलचे करडे चित्र नव्या थरात मूळ चित्रावर ठेवावे आणि मास्क लावून ते फक्त अंक व वलयापुरते दिसू द्यावे. सोनेरी जर निळ्या चॅनलमध्ये काळपट दिसते. म्हणून Curves वापरून त्या तुकड्याचा उजेड शेजारच्या काठाशी जुळवावा. त्यावर आणखी एक थर घेऊन त्याचा Mode LCh Color ठेवावा. शेजारच्या जरीचा आणि हिरव्या कापडाचा रंग उचलून तो जागच्या जागी भरावा. नक्षी निळ्या चॅनलमधून येते, रंग शेजारून.

तपासणी आणि मर्यादा

चित्र 100 टक्के आकारात पाहावे. दुरुस्त केलेली जागा गुळगुळीत दिसली, तर तिथे फिल्मची रवाळ पोत हरवलेली असते. किंचित नॉइज मिसळल्यास ती मिळतीजुळती होते. नंतर Curves वापरून तात्पुरता कॉन्ट्रास्ट वाढवावा. उरलेले वलय लगेच उघडे पडते.

निळ्या चॅनलमध्येही अंक ठळक दिसत असतील, तर खालचा तपशील परत मिळत नाही. अशा वेळी जे भरले जाते ते अनुमान असते. अंक चेहऱ्यावर किंवा पाटीवरील अक्षरांवर असतील, तर तारीख तशीच ठेवणे किंवा कोपरा कापणे अधिक प्रामाणिक ठरते.

तारीख काढण्यापूर्वी ती फाइलच्या नावात नोंदवावी. अंकांचा क्रम मात्र कॅमेऱ्यातील निवडीनुसार वर्ष-महिना-दिवस किंवा अन्य असू शकतो. बॅटरी बदलल्यावर घड्याळ नव्याने न लावल्यास तारीखच चुकीची पडे. म्हणून ती प्रसंगाशी ताडून पाहावी.