सुडोकूत शेवटी चार घरं अडली? मग ‘युनिक रेक्टँगल’ची युक्ती समजून घ्या

मोहाडीहून भंडाऱ्याला जाणाऱ्या एसटीत बसल्या बसल्या पेपरातलं सुडोकू सोडवायला घेतलं, तर अर्धं कोडं सहज सुटतं. मग गाडी अडते. प्रत्येक रिकाम्या घरात दोन-दोन, तीन-तीन अंक शक्य दिसतात आणि कुठलाच पक्का होत नाही. अशा वेळी बरेच जण अंदाजाने एक अंक टाकतात आणि शेवटी खोडरबर शोधतात.

अशा ठिकाणी उपयोगी पडणाऱ्या एका युक्तीला ‘युनिक रेक्टँगल’ म्हणतात. इतर बहुतेक युक्त्या सुडोकूच्या नियमांवर चालतात. ही मात्र नियमांच्या बाहेरच्या एका गोष्टीवर चालते : या कोड्याचं उत्तर एकच आहे, हा भरवसा.

सुडोकूचे नियम तीनच. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि ३ × ३ च्या प्रत्येक चौकटीत १ ते ९ अंक एकेकदाच यायला हवेत. उत्तर एकच असावं, असं हे तीन नियम सांगत नाहीत. ते कोडं बनवणाऱ्याने पाळायचं पथ्य आहे. पेपरात ‘उद्याच्या अंकात उत्तर’ म्हणून एकच उत्तर छापून येतं ते याच पथ्यामुळे.

युक्ती नेमकी काय आहे?

समजा, तुम्ही प्रत्येक रिकाम्या घरात शक्य असलेले अंक पेन्सिलने बारीक लिहून ठेवले आहेत. चौथ्या आणि पाचव्या आडव्या ओळीत, दुसऱ्या आणि सातव्या उभ्या ओळीत मिळून एक आयत तयार होतो. त्याच्या चार कोपऱ्यांत असं दिसतंय :

चौथी ओळ : डावीकडे २, ७ – उजवीकडे २, ७
पाचवी ओळ : डावीकडे २, ७ – उजवीकडे २, ७, ९

आता चौथ्या कोपऱ्यात, म्हणजे २, ७, ९ असलेल्या घरात, ९ नाही असं धरून बघू. तिथे २ टाकला की त्याच ओळीतल्या डावीकडच्या घरात ७ येतो. त्याच्या वरच्या घरात २ येतो आणि उरलेल्या घरात ७. चारही घरं नीट भरली.

पण या चारही घरांतले २ आणि ७ आपसात बदलून बघा. प्रत्येक ओळीत आधीही एक २ आणि एक ७ होता, बदलल्यावरही तेवढेच आहेत. उभ्या ओळींचंही तेच आणि चौकटींचंही तेच. बाकीच्या ७७ घरांना या अदलाबदलीचा पत्ताही लागत नाही. म्हणजे पहिलं उत्तर बरोबर असेल, तर दुसरंही तितकंच बरोबर आहे. कोड्याला दोन उत्तरं झाली!

कोड्याचं उत्तर एकच असेल, तर हे घडू शकत नाही. म्हणून त्या चौथ्या घरात २ किंवा ७ येणं शक्य नाही. दोन्ही खोडा. उरला ९, तो पक्का. तिथे ९ सोबत ५ सुद्धा शक्य असता, तर ५ आणि ९ उरले असते. घर लगेच सुटलं नसतं, पण दोन अंक तरी कमी झाले असते.

दोन चौकटींची अट विसरू नका

इथे सगळ्यात जास्त चूक होते. चार घरं दोन आडव्या ओळींत, दोन उभ्या ओळींत आणि फक्त दोन चौकटींत असायला हवीत. आपल्या उदाहरणात चौथी आणि पाचवी ओळ एकाच पट्ट्यात आहेत, त्यामुळे डावीकडची दोन्ही घरं एका चौकटीत आणि उजवीकडची दोन्ही दुसऱ्या चौकटीत येतात.

तोच आयत दुसऱ्या आणि पाचव्या ओळीत असता, तर चार कोपरे चार वेगवेगळ्या चौकटींत गेले असते. मग अदलाबदल केली की एखाद्या चौकटीतला २ जाऊन ७ आला असता, आणि तिथे आधीच दुसरीकडे ७ बसलेला असणार. म्हणजे अदलाबदलच होत नाही, दुसरं उत्तर तयार होत नाही, आणि खोडायला कारणही उरत नाही.

दुसरी चूक पेन्सिलच्या नोंदींची. एखाद्या घरात २, ७ आणि ४ शक्य असताना ४ लिहायचा राहिला, तर नसलेला आयत दिसू लागतो. म्हणून खोडण्याआधी तीन ‘दोन अंकी’ घरं पुन्हा एकदा तपासून घ्या.

भरवसाच खोटा असेल तर?

हे बघायला ४ × ४ चं छोटं कोडं कागदावर काढा. नियम तेच, फक्त अंक १ ते ४ आणि चौकटी २ × २ च्या.

– २ | – ४
– ४ | – –
२ – | – ३
– – | – –

वरच्या दोन ओळींत पहिली आणि तिसरी उभी ओळ बघा. पहिल्या ओळीत दोन्हीकडे १, ३ शक्य आहेत. दुसऱ्या ओळीत डावीकडे १, ३ आणि उजवीकडे १, २, ३. आयत तयार आहे, चौकटीही दोनच आहेत. युक्ती म्हणते : उजवीकडे २ टाका. टाकला की सगळं कोडं भराभर सुटतं :

१ २ | ३ ४
३ ४ | २ १
२ १ | ४ ३
४ ३ | १ २

सगळे नियम पाळले गेले. पण हे उत्तर एकमेव आहे का? नाही. हेही बघा :

१ २ | ३ ४
३ ४ | १ २
२ १ | ४ ३
४ ३ | २ १

यात त्या आयतात १ आणि ३ च आहेत. त्यांची अदलाबदल केली की तिसरं उत्तरही मिळतं. म्हणजे या कोड्याला तीन उत्तरं आहेत. आपल्या युक्तीने त्यातलं एक हातात दिलं आणि बाकीची दोन न बोलता झाकून टाकली. वाटेत कुठेही ‘चूक झाली’ असा इशारा मिळाला नाही.

म्हणून युनिक रेक्टँगल कोडं सोडवायला वापरता येतं, पण ‘याचं उत्तर एकच आहे’ हे सिद्ध करायला वापरता येत नाही. जे सिद्ध करायचं तेच आधी धरून चाललो, तर सिद्ध काय केलं? सोशल मीडियावर फिरणारं, कुणीतरी हाताने बनवलेलं किंवा फोटोवरून उतरवताना एखादा अंक सुटलेलं कोडं असेल, तर ही युक्ती बाजूला ठेवा आणि नुसत्या तीन नियमांनी सोडवा. कोडं सदोष असल्याची खूणही तेव्हाच दिसते : सगळं भरून होतं आणि दोन चौकटींतली चार घरं तेच दोन अंक घेऊन तशीच अडून राहतात. अशा वेळी आधी अंक नीट उतरवलेत का ते बघा. ते बरोबर असतील, तर चूक तुमची नाही, कोडं बनवणाऱ्याची आहे.